चूक काय सांगते?

(लहान मूल मोठ्याने वाचताना चुकते, तेव्हा आपण ती चूक लगेच दुरुस्त करतो. पण चुका नुसत्या मोजण्याऐवजी नीट ऐकल्या, तर वाचणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे आहे की नाही हे कळते. चुका ऐकण्याची आणि पारखण्याची एक पद्धत या पाठात समजावून सांगितली आहे.)

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटा भाऊ किंवा धाकटी बहीण असेल. संध्याकाळी ती मराठीचे पुस्तक घेऊन तुमच्याजवळ येते आणि म्हणते, "आपा, माझे वाचन ऐका." ती वाचू लागते. पहिल्याच ओळीत ती 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणते. तुम्ही लगेच तिला थांबवता. पुढच्या ओळीत ती 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणते. तुम्ही पुन्हा थांबवता. पाच ओळींत ती सात वेळा थांबते आणि शेवटी पुस्तक मिटून निघून जाते. गोष्ट काय होती, हे तिलाही कळलेले नसते आणि तुम्हालाही आठवत नाही.

आता जरा विचार करा. 'शाला' म्हणणाऱ्या त्या मुलीला शाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. मग तुम्ही नेमके काय दुरुस्त केलेत?

सर्व चुका सारख्या नसतात. काही चुका सांगतात, "मला अर्थ कळतो आहे." काही चुका सांगतात, "मी नुसती अक्षरे उच्चारतो आहे." अमेरिकेतील केनेथ गुडमन नावाच्या अभ्यासकाने ही गोष्ट बारकाईने तपासली. त्यांनी 1965 साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुले गोष्ट मोठ्याने वाचत असताना ते शेजारी बसून ऐकत. पुस्तकात काय छापले आहे आणि मुलाने काय वाचले, यांतील प्रत्येक फरक ते लिहून ठेवत. या फरकाला 'चूक' म्हणणे त्यांना पटत नव्हते. त्यांनी त्याला 'मिस्क्यू' असे नाव दिले. इंग्रजीत 'क्यू' म्हणजे इशारा किंवा खूण. वाचणाऱ्याला पानावरून तीन प्रकारच्या खुणा मिळतात. पहिली खूण अक्षरांची आणि त्यांच्या आवाजाची. दुसरी वाक्याच्या रचनेची. तिसरी अर्थाची. यांपैकी एखादी खूण हुकली, की वाचनात फरक पडतो. कोणती खूण हुकली आणि कोणती हुकली नाही, हे शोधणे म्हणजेच मिस्क्यूची पारख. पुढे 1972 साली येट्टा गुडमन आणि कॅरोलिन बर्क यांनी ही पद्धत शिक्षकांना वापरता येईल अशा रीतीने पुस्तकरूपाने मांडली.

या तीन खुणा तुम्हाला नवीन नाहीत. उर्दू वाचताना तुम्ही त्या रोज वापरता. उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश बहुधा लिहीत नाहीत. 'अलिफ' आणि 'सीन' एवढीच दोन अक्षरे समोर असली, तर तो शब्द 'इस' आहे की 'उस', हे अक्षरे सांगत नाहीत. ते पुढचे-मागचे वाक्य सांगते. 'मीम', 'ये', 'लाम' या तीन अक्षरांतून 'मेल' होतो, 'मैल' होतो आणि 'मील'ही होतो. कपड्यांची गोष्ट चालली असेल तर तुम्ही 'मैल' वाचता आणि प्रवासाची असेल तर 'मील' वाचता. म्हणजे उर्दू वाचताना अर्थाकडे लक्ष ठेवल्यावाचून तुमचे चालतच नाही. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे छापलेले असते. त्यामुळे मराठीत एक नवा धोका निर्माण होतो. अर्थाकडे मुळीच लक्ष न देताही माणूस पानभर मराठी मोठ्याने वाचू शकतो!

आता ही पारख प्रत्यक्ष कशी करतात, ते एका उदाहरणाने पाहू. पुढे एक लहानशी गोष्ट दिली आहे. तिच्या वाक्यांना अंक दिले आहेत. एकूण शब्द 54 आहेत.

1. सकाळी बाबा शेतात गेले.
2. घरात आजी आणि सलमा होत्या.
3. आजीने सलमाला विहिरीवरून पाणी आणायला सांगितले.
4. सलमाने रिकामी घागर उचलली.
5. वाटेत तिला एक जखमी पक्षी दिसला.
6. त्याचा पंख मोडला होता.
7. सलमाने घागर खाली ठेवली आणि पक्ष्याला हळूच उचलले.
8. ती पाणी न घेताच घरी परतली.
9. आजी मुळीच रागावली नाही.
10. तिने हळद आणली आणि पक्ष्याच्या पंखाला लावली.

समजा, ही गोष्ट दोन मुलांनी वाचली. एकाचे नाव अरमान आणि दुसरीचे नाव नाझनीन. दोघेही उर्दू बोलणाऱ्या घरांतले आहेत. ऐकणाऱ्याने गोष्टीची एक प्रत आपल्याजवळ ठेवली. शब्द वेगळा वाचला गेला तर त्याने छापील शब्दाच्या वर वाचलेला शब्द लिहिला. शब्द गाळला गेला तर त्याला गोल केला. मुलाने स्वतः मागे येऊन सुधारले तर 'सु' असे लिहिले. या वेळी एक नियम फार कडक असतो. वाचन चालू असताना ऐकणारा काहीही मदत करत नाही. मूल अडले तरी तो गप्प राहतो, कारण अडल्यावर मूल स्वतः काय करते, तेच पाहायचे असते.

अरमानने न अडखळता, मोठ्या आवाजात वाचले. त्याच्या वाचनात फक्त चार फरक आढळले. चौथ्या वाक्यात 'रिकामी' ऐवजी त्याने 'रिकमी' वाचले. पाचव्या वाक्यात 'जखमी' ऐवजी 'जमीन' वाचले. सहाव्या वाक्यात 'पंख' ऐवजी 'पंखा' वाचले. दहाव्या वाक्यात 'हळद' ऐवजी 'हळूच' वाचले. यांपैकी एकही शब्द त्याने मागे येऊन सुधारला नाही.

नाझनीनचे वाचन थांबत थांबत झाले. तिने 'सकाळी'ला 'सकाली' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हटले, पण ते सध्या बाजूला ठेवू. त्याशिवाय तिच्या वाचनात आठ फरक आढळले. पहिल्या वाक्यात 'बाबा' ऐवजी ती 'अब्बा' म्हणाली. तिसऱ्या वाक्यात 'विहिरीवरून' ऐवजी 'विहिरीतून' म्हणाली. पाचव्या वाक्यात 'वाटेत' ऐवजी 'रस्त्यात' म्हणाली. सहाव्या वाक्यात तिनेही 'त्याचा पंखा मोडला' असे वाचले, पण ती थबकली, मागे आली आणि 'त्याचा पंख मोडला होता' असे वाचले. सातव्या वाक्यात तिने 'हळूच' हा शब्द गाळला. आठव्या वाक्यात ती आधी 'ती पाणी घेताच' असे म्हणाली, मग थांबून 'पाणी न घेताच' म्हणाली. त्याच वाक्यात 'परतली' ऐवजी तिने 'आली' वाचले. शेवटच्या वाक्यात 'हळद' ऐवजी ती 'हळदी' म्हणाली.

आपण नुसते आकडे मोजले, तर अरमानने 54 पैकी 50 शब्द बरोबर वाचले, म्हणजे सुमारे 93 टक्के. नाझनीनने पहिल्या खेपेस 46 शब्द बरोबर वाचले, म्हणजे सुमारे 85 टक्के. गुण द्यायचे झाले, तर अरमान पुढे आणि नाझनीन मागे. वर्गात बहुधा असेच होते. अरमानला शाबासकी मिळते आणि नाझनीनला पुन्हा अक्षरे गिरवायला बसवतात.

आता आकडे सोडून एकेक फरक तपासू. प्रत्येक फरकाला चार प्रश्न विचारायचे. मुलाने वाचले तसे वाक्य बोलताना नीट वाक्य वाटते का? ते वाक्य या गोष्टीत अर्थाने बसते का? मूळ अर्थ बदलला का? आणि अर्थ बदलला असेल, तर मुलाने स्वतः सुधारणा केली का? वाचलेला शब्द छापील शब्दासारखा दिसतो किंवा ऐकू येतो का, हेही नोंदवतात. त्यावरून अक्षरांची खूण किती पकडली ते समजते.

अरमानचा 'जमीन' हा शब्द घ्या. 'जखमी' आणि 'जमीन' यांत 'ज' आहे आणि 'मी' आहे. म्हणजे अक्षरांकडे त्याचे अर्धवट लक्ष होते. पण 'वाटेत तिला एक जमीन पक्षी दिसला' हे वाक्य कसले? असे कोणी बोलत नाही. त्याचा काही अर्थही होत नाही. तरीही अरमान थांबला नाही. आणखी एक गंमत पाहा. 'जखमी' हा शब्द त्याच्या घरच्या भाषेतला आहे. उर्दूत आपण 'ज़ख़्मी' म्हणतोच. वाक्य विचित्र झाले आहे असे त्याच्या कानाला वाटले असते आणि त्याने पुन्हा पाहिले असते, तर तो शब्द त्याला लगेच ओळखता आला असता.

'पंखा' ही चूक याहून फसवी आहे. 'त्याचा पंखा मोडला होता' हे वाक्य मराठीत अगदी शुद्ध आहे. एकटे वाक्य ऐकले, तर कोणाला काही खटकणार नाही. पण आधीच्या वाक्यात पक्षी आहे. पक्ष्याचा पंखा कसा असेल? म्हणून एखादे वाक्य शुद्ध आहे का, एवढे विचारून भागत नाही. ते गोष्टीत बसते का, हेही विचारावे लागते. पुढे दहाव्या वाक्यात 'पंखाला' हा शब्द अरमानने अचूक वाचला. तिथेही त्याला मागची चूक उमगली नाही. प्रत्येक वाक्य त्याच्यासाठी वेगळे होते. वाक्ये एकमेकांना जोडली जात नव्हती.

नाझनीननेही तोच शब्द तसाच चुकवला. दोघांची चूक अक्षरश: एक आहे. पण ती थबकली. का थबकली? तिच्या मनात पक्षी होता आणि पंखा त्या चित्रात बसेना. आठव्या वाक्यातही तसेच झाले. 'पाणी घेताच' म्हणजे पाणी घेतल्याबरोबर. पण सलमाने तर घागर खाली ठेवली होती आणि हातात पक्षी होता. मग पाणी कसे घेतले? म्हणून ती मागे गेली आणि एवढासा 'न' तिला सापडला. स्वतः केलेली सुधारणा ही अर्थावर लक्ष असल्याची मोठी खूण असते. नुसत्या आकड्यांत मात्र ती चूक म्हणूनच मोजली जाते.

'अब्बा', 'विहिरीतून', 'रस्त्यात', 'आली' आणि 'हळदी' या पाच फरकांत गोष्टीचा अर्थ जवळजवळ तोच राहिला. 'रस्त्यात' हा शब्द तर 'वाटेत' या शब्दासारखा दिसतही नाही. तिने अक्षरे नीट पाहिली नाहीत, पण अर्थ धरला. 'हळूच' गाळल्यामुळे अर्थ थोडा कमी झाला. सलमाची काळजी त्या एका शब्दात होती. तरी गोष्ट मोडली नाही. आता नवा हिशेब मांडा. नाझनीनच्या आठ फरकांपैकी दोन तिने सुधारले, पाचांत अर्थ टिकला आणि एकात थोडा कमी झाला. अरमानच्या चारही फरकांत अर्थ तुटला आणि एकही सुधारला गेला नाही.

आता बाजूला ठेवलेल्या 'सकाली' आणि 'पानी'कडे वळू. या पद्धतीत मुलाच्या घरच्या बोलीचा उच्चार चूक म्हणून मोजत नाहीत. उर्दूत 'ळ' नाही. 'ण'चा उच्चारही आपण बहुतेक 'न' असाच करतो. तेव्हा नाझनीनने 'सकाळी' हा शब्द ओळखला, त्याचा अर्थ जाणला आणि आपल्या जिभेने तो उच्चारला. हे वाचन बरोबरच आहे. 'ळ' म्हणायला तिने जरूर शिकावे, पण तो बोलण्याचा सराव आहे. तो वेगळ्या वेळी करावा. वाचताना मध्येच करू नये. मात्र येथे एक सावधगिरी हवी. 'काल' म्हणजे मागचा दिवस आणि 'काळ' म्हणजे वेळ. 'मन' वेगळे आणि वजनाचा 'मण' वेगळा. मूल 'काळ'ला 'काल' म्हणाले, तर ते नुसत्या उच्चारामुळे म्हणाले की त्याने दुसराच शब्द समजून घेतला, हे कानाने कळत नाही. ते विचारूनच कळते.

म्हणूनच या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग असतो. वाचन संपले की पुस्तक मिटायचे आणि मुलाला सांगायचे, "आता ही गोष्ट मला सांग." मध्ये प्रश्न विचारून सुचवायचे नाही. मूल थांबले तर "पुढे काय झाले?" एवढेच म्हणायचे. मराठी ही मुलाची दुसरी भाषा असेल, तर त्याला उर्दूतून सांगू द्यावे. नाहीतर त्याला समजले नाही की फक्त मराठीत सांगता आले नाही, हे कळणार नाही.

अरमानने सांगितले, "सलमा पाणी आणायला गेली. तिने पक्षी पाहिला. पंखा मोडला. मग ती पाणी घेऊन घरी आली." लक्षात घ्या, आठव्या वाक्यातला 'न' त्याने स्पष्ट वाचला होता. तरी तो त्याच्या मनात पोहोचलाच नाही. नाझनीन उर्दूतून म्हणाली, "चिड़िया ज़ख़्मी थी, इसलिए सलमा पानी लिए बग़ैर लौट आई." पाण्याविना परत येण्याचे कारण गोष्टीत कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. ते तिने स्वतः जोडले.

गोष्ट सांगायला लावण्याचे आणखी एक कारण आहे. कधी कधी एकही चूक होत नाही आणि तरी अर्थ हरवतो. 'मामांनी शेतात खत टाकले' हे वाक्य पाहा. उर्दू शाळेतला मुलगा ते अचूक वाचेल. पण त्याच्या मनात 'खत' म्हणजे चिठ्ठी! मराठीत 'खत' म्हणजे पिकाला घालायचे शेणखत किंवा दुसरे खत. तो सांगेल की मामांनी शेतात चिठ्ठी टाकली. कागदावर एकही फरक नोंदवलेला नसेल. म्हणून अचूक वाचन हा समजल्याचा पुरावा नाही.

आता या पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुडमन यांनी 1965 च्या अभ्यासात मुलांना आधी सुट्या शब्दांची यादी वाचायला दिली आणि नंतर तेच शब्द असलेली गोष्ट दिली. यादीत चुकलेल्या शब्दांपैकी पहिलीच्या मुलांनी सुमारे दोन तृतीयांश आणि तिसरीच्या मुलांनी पाचांपैकी चारांहून अधिक शब्द गोष्टीत बरोबर वाचले. यावरून गुडमन यांना वाटले की चांगला वाचक संदर्भावरून अंदाज बांधत पुढे जातो. 1967 साली त्यांनी वाचनाला अंदाज करण्याचा खेळच म्हटले. अनेक शिक्षकही मग मुलांना सांगू लागले, "शब्द येत नसेल तर चित्र पाहा, पहिले अक्षर पाहा आणि अंदाज करा."

पण यादी नेहमी आधी आणि गोष्ट नेहमी नंतर दिल्यामुळे शब्द दुसऱ्यांदा पाहण्याचा फायदाही मुलांना मिळत होता. न्यूझीलंडमधील टॉम निकोल्सन यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा क्रम बदलून पाहिला. तेव्हा कच्च्या आणि लहान वाचकांना संदर्भाची मदत झालेली दिसली, पण चांगल्या वाचकांचा फायदा फारसा टिकला नाही. चांगला वाचक सुटा शब्दही अक्षरांवरून झटकन ओळखतो. अंदाजाची काठी कच्च्या वाचकालाच जास्त लागते. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात.

म्हणून नाझनीनच्या 'रस्त्यात' या शब्दाचे नुसते कौतुक करून चालणार नाही. गोष्टीत 'वाटेत' आणि 'रस्त्यात' एकच. पण औषधाच्या बाटलीवर 'उपाशीपोटी घेऊ नये' असे लिहिले असेल आणि शेवटचा शब्द अंदाजाने बदलला, तर काय होईल? अंदाज चुकला तर तिथे गोष्ट बिघडत नाही, माणूस आजारी पडतो. नाझनीनला अक्षरे शेवटपर्यंत पाहण्याची सवय लावली पाहिजे. अर्थ धरण्याची तिची सवय मोलाची आहे. ती मोडू नये, तिला अक्षरांची जोड द्यावी.

अरमानला मात्र वेगळी मदत हवी. तो 'जमीन पक्षी' म्हणाला की लगेच "जखमी!" असे ओरडून सांगायचे नाही. वाक्य संपेपर्यंत थांबायचे. तो आपणहून मागे येतो का, ते पाहायचे. आला नाही तर त्याने वाचलेले वाक्य त्याला जसेच्या तसे ऐकवायचे आणि विचारायचे, "हे जुळते का?" नाही म्हणाला तर तोच शब्द पुन्हा दाखवायचा आणि 'ज', 'ख', 'मी' अशी तिन्ही अक्षरे क्रमाने वाचायला लावायची. म्हणजे अर्थ त्याला थांबवील आणि अक्षरे त्याला योग्य शब्दापर्यंत नेतील. अरमानकडे आज कोणी लक्ष दिले नाही, तर त्याची अडचण पुढे वेगळ्याच नावाने दिसेल. इतिहासाचा धडा तो घडाघडा वाचेल, पण उत्तर लिहू शकणार नाही. गणितात बेरीज-वजाबाकी येत असूनही शाब्दिक उदाहरण सुटणार नाही. तेव्हा लोक म्हणतील, "याला गणित जमत नाही."

आणि एक गोष्ट. आपले 54 शब्दांचे उदाहरण केवळ समजण्यासाठी आहे. चार चुकांवरून कोणत्याही मुलाविषयी निकाल देता येत नाही. ही पद्धत वापरणारे जाणकार मुलाने पूर्वी न वाचलेली, थोडी कठीण आणि पूर्ण गोष्ट निवडतात. तिच्यात निदान 25 फरक मिळावेत असे पाहतात. वाचन ध्वनिमुद्रित करून ते पुन्हा पुन्हा ऐकतात, कारण एका ऐकण्यात बरेच निसटते.

तुम्हाला एवढे सगळे करायला नको. आज संध्याकाळी धाकटी बहीण पुस्तक घेऊन आली, तर वाक्य संपेपर्यंत तिला वाचू द्या. ती चुकली तर मनातल्या मनात विचारा, 'हिच्या वाक्याचा अर्थ लागतो का?' लागत असेल तर गप्प राहा. लागत नसेल तर ती स्वतः थांबते का, याची वाट पाहा. शेवटी पुस्तक मिटा आणि म्हणा, "आता मला गोष्ट सांग."

शब्दार्थ

पारखणे – नीट तपासून ओळखणे
थबकणे – एकदम थांबणे
खटकणे – बरोबर न वाटणे
उमगणे – समजणे, लक्षात येणे
संदर्भ – मागचे-पुढचे वाक्य किंवा प्रसंग
घागर – पाणी भरण्याचे धातूचे किंवा मातीचे भांडे
खत – पीक चांगले यावे म्हणून जमिनीत घालायचा पदार्थ

स्वाध्याय

1. वाचणाऱ्याला पानावरून कोणत्या तीन खुणा मिळतात?
2. अरमान आणि नाझनीन या दोघांनीही 'पंख' ऐवजी 'पंखा' वाचले. तरी या दोन चुका सारख्या का नाहीत?
3. 'पाणी'ला 'पानी' म्हणणे या पद्धतीत चूक का मानत नाहीत? 'मण'ला 'मन' म्हटले तर काय विचारून पाहावे लागेल?
4. 'खत' या शब्दाप्रमाणे उर्दूत एक आणि मराठीत दुसराच अर्थ असलेला आणखी एक शब्द शोधा. तो दोन्ही अर्थांनी वाक्यांत वापरा.
5. एका मुलाने 'आईने दिवा विझवला' हे वाक्य 'आईने दिवा विजवला' असे वाचले. दुसऱ्याने 'आईने दिवस विझवला' असे वाचले. पाठात दिलेले चार प्रश्न दोन्ही वाक्यांना विचारा आणि तुमचे मत लिहा.